नव्या दुकानाचा करार: भाडेमाफीचे दिवस आणि डिपॉझिट, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

चष्म्याच्या दुकानासाठी मी नवी जागा भाड्याने घेतली आणि पुढच्याच वर्षी आमची स्वतःची जुनी, लहान जागा एका ब्युटी पार्लरला भाड्याने दिली. त्यामुळे थोड्याच काळात एकाच विषयावर मी आधी भाडेकरू म्हणून घासाघीस केली आणि मग मालक म्हणून. विषय तोच: दुकानाचं आतलं काम होईपर्यंत भाडं किती दिवस माफ, आणि डिपॉझिट किती महिन्यांचं.

नव्या जागेच्या मालकांचं पहिलं म्हणणं असं होतं: पाच वर्षांचा करार, पहिली तीन वर्षं लॉक-इन, म्हणजे तेवढा काळ जागा मध्येच सोडायची नाही, डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्याइतकं आणि कामासाठी पंधरा दिवस माफ. पंधरा दिवसांत फार तर रंग होतो. डोळे तपासायला तक्ता सहा मीटरवर लागतो. तेवढी लांबी नसेल तर आरसा लावून तीन मीटरमध्ये भागवतात, पण मग ती खोली आरशाच्या मापाने बांधावी लागते, त्यात अंधार करता यायला हवा आणि यंत्रांसाठी वेगळे पॉइंट काढावे लागतात. मी कंत्राटदाराला बसवून आठवड्यांचा तक्ता करून घेतला. आधी वायरिंगच्या खाचा आणि पाइप, मग फरशी, मग पार्टिशन आणि छत, तोवर फर्निचर वर्कशॉपमध्ये तयार होणार, शेवटी रंग, यंत्रं आणि माल लावणं. सगळं धरून सात ते आठ आठवडे. हा कागद समोर ठेवल्यावर मालकांचा सूर बदलला. ‘साठ दिवस द्या’ ही नुसती मागणी असते, पण कोणत्या आठवड्यात काय होणार हे लिहिलेलं असलं की मालकाला एकेका ओळीवर बोलावं लागतं. ते बोललेही. “फर्निचरचं माप ताब्याआधी घेता येईल की! किल्ली देतो, माणूस पाठवा.” तो आठवडा त्यांनी असा वाचवला आणि तो खरोखरच वाचण्यासारखा होता.

आकड्यांवर भांडण्याआधी मी घरी एक हिशोब केला आणि माझ्या मते सगळा विषय त्यातच आहे. महिन्याचं भाडं १०० धरा. मी कामासाठी कर्ज काढणार होतो. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला १ टक्का. म्हणजे एका महिन्याचं डिपॉझिट, १०० रुपये, लॉक-इनचे छत्तीस महिने अडकून राहिलं की मला ३६ ला पडतं. सहा महिन्यांचं डिपॉझिट २१६ ला, म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त. तेच पैसे मालक बँकेत मुदत ठेवीत टाकणार. ७ टक्के मिळाले तर तीन वर्षांत त्यांना शंभरामागे साधारण २१ मिळतात. मला ३६ चा भुर्दंड पडून त्यांच्या पदरात २१ पडतात, मधले १५ आम्हा दोघांपैकी कोणाच्याच खिशात जात नाहीत. भाडेमाफीचं तसं नाही. एक महिना माफ झाला की माझे १०० वाचतात आणि त्यांचे बरोबर १०० जातात. म्हणून मी ठरवलं की माफीच्या दिवसांवर थोडं सोडायचं आणि डिपॉझिट खाली आणायला जोर लावायचा.

पण मालक डिपॉझिट व्याजासाठी घेत नाही, तो ते भीतीपोटी घेतो. ही भीती नेमकी कशाची, ते मी सरळ विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: तुम्ही भाडं थकवलं की पहिला महिना वाट बघण्यात जाणार, दोन महिने नोटिशीचे, एक महिना तुम्ही जागा सोडायला लावणार, आणि वर विजेचं बिल, मोडतोड. बेरीज पाचच्या आसपास आली. सहावा महिना नुसताच सवयीचा होता, तो तिथेच गळला. नोटीस दोनऐवजी एक महिन्याची करायला मी तयार झालो, म्हणजे थकबाकी झाली तर त्यांना एक महिना आधी हालचाल करता यावी. पाचाचे चार झाले. हा बदल मला जवळजवळ फुकट पडला, कारण भाडं थकवायचा माझा विचारच नव्हता.

चारांपैकी तीन महिन्यांचं डिपॉझिट करार होताना आणि एक भाडं सुरू होताना द्यायचं ठरलं. कामाच्या काळात रोख पैसा सगळ्यात कमी असतो, तेव्हा हा एक महिना पुढे गेल्याने माझं फर्निचरचं बिल निघालं. मालक सगळं आधीच मागत होते आणि त्यांचं कारण पटण्यासारखं होतं. भाडेकरू भिंती फोडून अर्ध्यातच पळाला तर जागा मूळची राहत नाही आणि भाडंही नाही. म्हणून भिंत पाडायचं एकमेव काम तीन महिन्यांचं डिपॉझिट जमा झाल्यावरच सुरू करायचं, असं लिहून घेतलं.

माफीच्या दिवसांत तडजोड निघाली ती अशी: पंचेचाळीस दिवस पूर्ण माफ आणि पुढचे तीस दिवस अर्धं भाडं. हिशोब मांडला तर हे साठ दिवसांच्या माफीइतकंच होतं. मालकांच्या वहीत पंचेचाळीस, माझ्या खिशात साठ. त्यांना हे का चाललं, तर दीड महिन्याने का होईना, पण काहीतरी येऊ लागणार होतं. भाड्याचा मूळ आकडा कमी करा, असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं, ते मात्र त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. दरवर्षीची वाढ मूळ आकड्यावर बसते, त्यामुळे तो एकदा खाली गेला की पुढची सगळी वर्षं खालीच राहतो. माफी एकदाच जाते.

आता दिवस कधीपासून मोजायचे. माझ्या मते साठ की पंचेचाळीस याच्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मसुद्यात ‘कराराच्या तारखेपासून’ असं होतं. करार झाला तेव्हा आधीच्या भाडेकरूचे रॅक आतच होते, मागच्या भिंतीला ओल होती आणि मीटरवरचा लोड माझ्या एसी आणि यंत्रांना पुरणारा नव्हता. मी ते ‘ताबा दिल्यापासून’ असं करून घेतलं आणि ताबा म्हणजे काय हेही लिहिलं: जागा रिकामी, ओल दुरुस्त, मागितलेला लोड मंजूर होऊन मीटर चालू, आणि किल्ल्या हातात. हे सगळं झाल्यावर दोघांच्या सहीचा एक कागद, त्यावर मीटरचं रीडिंग आणि सोबत भिंती, फरशी, शटरचे फोटो. दिवस त्या कागदाच्या तारखेपासून.

लोड मंजूर व्हायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ लागला. जुन्या मसुद्यात माझे अर्धे माफीचे दिवस अंधारातच संपले असते. वाद झाला नाही, कारण घड्याळ सुरूच झालं नव्हतं. उलट मालकच वीज कार्यालयात खेटे घालू लागले, कारण थांबलेलं भाडं त्यांचं होतं. ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच खिशाला उशीर लागला पाहिजे, हे मी तिथे बघितलं.

मालकांनीही एक कलम आणलं: मुदत संपेल किंवा दुकान उघडेल, जे आधी होईल तेव्हा भाडं सुरू. मी नको म्हटलं. असं कलम असलं की लवकर काम संपवणाऱ्याला दंड बसतो आणि मग लोक उगाच उद्घाटन लांबवतात, यात मालकाचं काहीच भलं नाही. ते त्यांनी सोडलं, पण मेंटेनन्स आणि वीजबिल ताब्याच्या दिवसापासून माझ्यावर टाकलं. ते रास्तच होतं, वीज मीच जाळत होतो. भाडेमाफी म्हणजे फक्त भाडं माफ, हे नव्याने जागा घेणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही आणि पहिल्याच महिन्यात बिल आलं की कटकट होते.

पुढच्या वर्षी पार्लरच्या बाई समोर बसल्या तेव्हा खुर्ची बदललेली होती. त्यांनी नव्वद दिवस मागितले आणि मी कामाचा तक्ता मागितला. त्यात पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज आणि वॉटरप्रूफिंग होतं. वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी भरून ठेवून गळती बघावी लागते, त्यात घाई करून चालत नाही. तरी नव्वद जास्तच होते. साठ दिले. डिपॉझिटच्या बाबतीत मात्र मी चारावर थांबलो नाही, पाच घेतलं, कारण पाण्याच्या कामात खालच्या गाळ्यात गळती झाली तर दुरुस्ती माझ्या गळ्यात येणार. बाईंना ते जड जात होतं. त्यावर तोड अशी काढली की दोन वर्षं भाडं वेळेवर आलं आणि गळतीची तक्रार नसली, तर पाचवा महिना पंचविसाव्या महिन्याच्या भाड्यात वळता होईल.

माफीच्या दोन महिन्यांबद्दल मी एक कलम घातलं, जे भाडेकरू असताना मला कोणी घातलं नव्हतं. दोन महिन्यांची माफी ही मी तीन वर्षांच्या लॉक-इनच्या भरवशावर देतो. बाई चोवीस महिन्यांनी निघाल्या, तर बारा महिने राहिलेले असतात, म्हणजे एक तृतीयांश. माफीच्या २०० पैकी साधारण ६७ परत करायचे. आधी त्यांना हे दंडासारखं वाटलं. छत्तीस महिने राहिलात तर यातला एक पैसाही द्यायचा नाही, हे आकडे मांडून दाखवल्यावर सही झाली.

बाईंनीही माझ्याकडून एक गोष्ट घेतलीच: डिपॉझिट परत करण्याचं कलम. मसुद्यात ‘जागा सोडल्यानंतर योग्य ती वजावट करून’ इतकंच होतं. त्यांनी लिहवून घेतलं की सोडण्याआधी पंधरा दिवस दोघांनी मिळून जागा बघायची, वजावटीची यादी त्याच दिवशी लिहायची, आणि किल्ल्या हातात देतानाच उरलेले पैसे द्यायचे. पैसे लांबले तर तेवढे दिवस बाई जागा ताब्यात ठेवतील आणि भाडं लागणार नाही. वकिलाने भुवई उंचावली, पण मी मान्य केलं आणि माझ्या बाजूने एक वाक्य जोडून घेतलं: शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये वळतं करायचं नाही. तसं होऊ लागलं की भाडेकरू निघायच्या दिवशी डिपॉझिट संपलेलं असतं आणि मोडतोडीसाठी मालकाच्या हातात काहीच उरत नाही.