तीन मिनिटांचं भाषण आणि पंधरा दिवसांची यादी

आमच्या मॅचिंग सेंटरला पाच वर्षं झाली तेव्हा मी तीन मिनिटं बोलले. त्या तीन मिनिटांसाठी जे पंधरा दिवस गेले, त्यांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहून काढते. आपल्यापैकी कुणाला दुकानाच्या वाढदिवसाला बोलायचं असेल तर निदान माझ्याइतकं डोकं फोडावं लागू नये.

दुकान मानेवाडा रोडवर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल-पिको. 2019 च्या अक्षय तृतीयेला सुरू केलं, म्हणून कार्यक्रमही 2024 च्या अक्षय तृतीयेला, संध्याकाळी साडेसहाला, दुकानासमोरच. पन्हं, आलूबोंडा, सांबारवडी हे सगळं एका फोनवर ठरलं. खुर्च्या आल्या, हार आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडले ते नावांवर.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला आणि स्वतःवर खूश झाले. मग मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचला, तर साडेसात मिनिटं! त्यातलं दीड मिनिट नुसतं ‘व्यासपीठावर उपस्थित’ यातच गेलं, कारण आमच्या ह्यांनी माजी नगरसेवक, व्यापारी मंडळींतले दोघे आणि त्यांचे एक साडू असे चौघे वर बसवायचे ठरवले होते. व्यासपीठ म्हणजे दुकानाचा ओटा. मी सगळ्यांना खाली, पहिल्या रांगेत बसवलं आणि ते दीड मिनिट वाचवलं. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नका, हे आत्ताच सांगून ठेवते. मनातलं वाचन पळतं, तोंडाने बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे मी तरी जात नाही, आणि मध्ये टाळ्या आल्या तर त्याहून कमी.

उरली सहा मिनिटं. त्यात बावीस नावं होती.

आधी कामाची माणसं घ्या. काउंटरवर दोघी, फॉल-पिकोचे काका आणि गांधीबागेतून माल आणणारा, थान चढवणारा-उतरवणारा पोरगा. चौघांसाठी मी ‘प्रामाणिक, मेहनती, कुटुंबासारखे’ असं लिहिलं होतं. ते वाचून काउंटरवरची थोरली म्हणाली, “ताई, यातलं माझं कोणतं आन् तिचं कोणतं?” बरोबर होतं तिचं. चौघांची नावं आपसात बदलली असती तरी भाषणाला काही झालं नसतं. तेव्हा ठरवलं की एका माणसाला एकच वाक्य द्यायचं, पण ते दुसऱ्या कुणाला लागू होता कामा नये.

काकांचं वाक्य मला लगेच सुचलं. मार्च 2020 मध्ये नागपूरची दुकानं देशाच्या टाळेबंदीच्याही आधी बंद झाली आणि आमचं शटर जूनपर्यंत खाली राहिलं. एप्रिल-मे काकांनी अर्ध्या पगारावर काढले, एक शब्द बोलले नाहीत. यापेक्षा मोठं काय सांगायचं? लिहिताना माझेच डोळे भरले होते. त्यांना वाचून दाखवलं तर मशीनवरचा पाय थांबला. दोरा तोडला, साडी घडी करून बाजूला ठेवली, मग म्हणाले, “ताई, हे नका सांगू. घरी मी पूर्ण पगार मिळते म्हणून सांगतलं होतं.” कार्यक्रमाला काकू येणार होत्या, जावईही येणार होता. मी न विचारता बोलले असते तर आभाराच्या नावाखाली भरल्या रस्त्यात त्या माणसाचं चार वर्षांचं झाकलेलं उघडं केलं असतं.

त्या दिवसापासून ज्याचं वाक्य त्याला आधी ऐकवायला लागले. पैसे, आजारपण, घरातली अडचण यांतलं काही असेल तर दोनदा. काकांनी स्वतःच दुसरं सुचवलं, “ते लग्नाच्या अकरा साड्यांचं सांगा ना.” झालं असं होतं की एका गिऱ्हाइकाच्या घरी सकाळी हळद होती आणि अकरा साड्यांना फॉल लागायचा होता. काका रात्री दोन वाजेपर्यंत बसले आणि परतताना साड्या पोचवूनच घरी गेले. माझ्या लेखी ही अर्ध्या पगाराहून छोटी गोष्ट होती. त्यांच्या लेखी ती त्यांची होती. तीच घेतली.

मग गिऱ्हाइकांची यादी. इथे मी खरी चिडले, आणि ती संगणकावर. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून पाच वर्षांतली सगळ्यांत जास्त खरेदी कुणाची ते काढलं. पहिलं नाव एका बुटीकचं आलं. थानंच्या थानं नेतात हे खरं, पण मीटरमागे दोन रुपये कमी मिळाले की महिनाभर दुसरीकडे. दुसरं नाव उधारीवाल्यांचं. आणि ज्या आजी दर सणाला पाऊण मीटर टू-बाय-टू रोखीने नेतात, नातीसाठी, सुनेसाठी, त्या यादीतच नाहीत! मोबाइल नंबर देत नाहीत, मग बिल ‘कॅश’ या नावावर पडतं. कोण किती नेतं ते त्या यादीत होतं, कोण परत येतं ते नव्हतं. दोन संध्याकाळी मी त्या आकड्यांत घातल्या.

शेवटी संगणक मिटवला आणि पोरींना विचारलं, “चेहरा दिसला की तुम्ही न विचारता कोणतं थान काढता?” पाच मिनिटांत सात जणी निघाल्या. त्यांतल्या चौघी शिवणकाम करणाऱ्या. आमच्या धंद्यात हे ओळखायलाच मला दोन वर्षं लागली होती, की साडीवाली बाई एकदा येते, पण तिला पाठवणारी शिलाईवाली ताई आठवड्याला दहा जणी पाठवते. त्या चौघी माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हत्याच.

तरीही सात नावं घेतली तर आठवी रुसणार. म्हणून गिऱ्हाइकांपैकी एकीचीच गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांचे एकत्र आभार मानायचे असं ठरवलं. निवडली कोण, तर माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेली. पहिल्याच वर्षी त्या मोरपिशी ब्लाउजपीस घेऊन परत आल्या होत्या. दुकानात साडीला तंतोतंत, घरी जाऊन बघतात तर हिरवा. मी म्हटलं, तुम्ही शेड बदलून आणला असेल. त्यांनी मला हाताला धरून रस्त्यावर उन्हात नेलं आणि साडीवर पीस ठेवून दाखवला. दोन्ही वेगळे! चूक माझ्या पिवळसर दिव्यांची होती. त्या उजेडात वेगवेगळ्या रंगाई केलेली दोन कापडं सारखी दिसू शकतात, उन्हात फरक उघडा पडतो. आठवड्यात पांढरे दिवे लावले, आणि अजूनही पक्का करायचा रंग आम्ही दाराशी नेऊनच दाखवतो. त्यांना परवानगीसाठी फोन केला तर म्हणाल्या, “माझं भांडण माईकवर सांगणार?” मग हसत, “सांगा, पण मी बरोबर होते हेही सांगा.”

नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. परवानगी त्या संध्याकाळपुरतीच घेतली होती.

राहिली ती आमची जुनी मुलगी. पहिली तीन वर्षं तिने दुकान उभं केलं, मग पगारावरून वाद झाला आणि ती रस्त्यापलीकडच्या दुकानात लागली. ह्यांचं मत, नाव काढायचंच नाही. मी तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. पण शेडकार्ड पाठ करायची पद्धत तिची, दोऱ्यांच्या रिळांचा क्रम तिचा, आणि हे आमच्या चौघांनाही माहीत. तिला गाळून आभार मानले असते तर पहिल्यांदा माझ्याच काउंटरवर नजरानजर झाली असती. शेवटी अर्धं वाक्य ठेवलं, वादाचा उल्लेख नाही, टोमणा नाही.

भाषणाचा मधला भाग असा झाला:

“काकांनी एका रात्री दोन वाजेपर्यंत बसून अकरा साड्यांना फॉल लावले आणि सकाळच्या हळदीआधी पोचवले. या पोराने जून 2020 मध्ये, रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडायची तेव्हा, ‘आज आपली बाजू’ असा फोन शंभर जणींना केला. आणि ही रिळं ज्या क्रमाने लागलेली दिसतात, तो क्रम पहिली तीन वर्षं इथे असलेल्या मुलीने लावला. आम्ही तो बदललेला नाही.”

एवढं सगळं करून तीनशे दहा शब्द झाले.

आता एक राहिलेलं. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय माणसं बसवता येत नाहीत, आणि चालू कूलरच्या घरघरीत माईकही ऐकू येत नाही. आम्ही भाषणापुरते दोन्ही कूलर बंद केले. मिनिटभरात लोक निमंत्रणपत्रिकेने वारा घ्यायला लागले. तीन मिनिटांची मर्यादा माझ्या शहाणपणाने नाही, कूलरने पाळायला लावली. आदल्या दिवशीच्या तालमीत कूलर चालू असताना कागद उडाला होता, म्हणून थान गुंडाळायच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात भाषण चिकटवलं होतं. तो हातात थरथरत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. आणि खाणं आधी देऊ नका. आलूबोंडा हातात असला की टाळी वाजत नाही.

काकांचं नाव आलं तेव्हा काकूंनी शेजारच्या बाईला कोपर मारून दाखवलं. भांडणाऱ्या ताई जागेवरून ओरडल्या, “हिरवाच होता!” पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर ती मुलगी उभी होती. ऐकलं असावं. आत गेली.

रात्री खुर्च्या उचलताना मागे नळावर पेले विसळण्याचा आवाज येत होता. रोज सकाळी नऊला शटर उघडायच्या आधी झाडू मारणाऱ्या मावशी. पगारपत्रकावर त्या नाहीत, मी महिन्याला हातात पैसे देते. म्हणून पगारपत्रक समोर ठेवून केलेल्या यादीत त्या आल्याच नाहीत. शटर वर जाण्यापासून खाली येईपर्यंत कोण-कोण हात लावतं, असं तासातासाने आठवलं असतं तर पहिलं नाव त्यांचंच निघालं असतं. पंधरा दिवस मी बुटीकचे आकडे बघत होते.

मी जाऊन म्हटलं, “मावशी, तुमचं राहिलं.” त्या म्हणाल्या, “काय राहिलं? पेले झाले ना सगळे.”

पुठ्ठा गल्ल्यामागे ठेवलाय. मागच्या बाजूला, दहाव्या वर्षासाठी, बॉलपेनने एकच नाव लिहिलं आहे.