वाव आणि उंची: नववीच्या वर्गात रेषा बसवताना

नागपुरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी चाळीस मिनिटं बोलायचं होतं. विषय होता, विखुरलेल्या ठिपक्यांतून सगळ्यांत चांगली बसणारी रेषा, म्हणजे बेस्ट फिट लाइन, कशी शोधायची. मापं म्हणून उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी घेतली. टेप आणि भिंत एवढ्यावर काम भागतं, आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ असतात की आलेखावर दोन्ही अक्षांना एकच प्रमाण चालतं. हातांच्या लांबीला आपल्याकडे जुना शब्दही आहे: वाव. दोराची लांबी सांगताना एक वाव, दोन वाव म्हणत. वर्गात तो कुणाला माहीत नव्हता, पण हात पसरून दाखवल्यावर पुन्हा समजवावा लागला नाही.

मोजणी भाषणाच्या आदल्या दिवशीच उरकली. चाळीस मिनिटांत मोजणी आणि रेषा दोन्ही बसत नाहीत. दहा मुलं घेतली. चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक लिहायला लावला, कारण उंचीचे आकडे नावासकट फळ्यावर गेले की पुढची पाच मिनिटं चिडवाचिडवीत जातात.

उंची मोजताना चपला-बूट काढून टाचा भिंतीला लावायच्या, नजर समोर ठेवायची, आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याची वही भिंतीशी काटकोनात टेकवून खालच्या कडेला खूण करायची. वही तिरपी झाली की एक-दोन सेंटीमीटर सहज जातात. रिबिनीच्या वेण्या वर बांधलेल्या असतील तर त्या बाजूला सारून वही टाळूवरच टेकवावी लागते. वाव मोजताना पाठ भिंतीला, हात खांद्याच्या रेषेत, तळवे पुढे. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांच्या टोकांशी खडूने खुणा करायच्या, नखं सोडून. मग मूल बाजूला करून खुणांमधलं अंतर मोजायचं. टेप छातीवरून नेला तर तो फुगीर भागावरून वळतो आणि माप जास्त येतं. हात खांद्याखाली झुकले तर कमी येतं. खरी अडचण टेपचीच आहे. शिंप्याकडचा टेप 150 सेंटीमीटरचा असतो, आणि नववीतल्या बऱ्याच मुलांची वाव त्याहून मोठी. म्हणजे टेप दुसऱ्यांदा लावायचा आणि बेरीज करायची. ही बेरीज पुढे महागात पडली, ते शेवटी सांगतो.

दहा जोड्या अशा आल्या, आधी वाव, मग उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये:

142–142, 145–146, 148–147, 150–151, 152–150, 154–155, 157–155, 160–158, 164–162, 168–164.

आलेखावर वाव आडव्या अक्षावर घेतली आणि उंची उभ्या अक्षावर. प्रश्न असा ठेवला होता: एखाद्याला ताठ उभं राहता येत नसेल, तर त्याच्या वावेवरून उंचीचा अंदाज किती? ज्याचा अंदाज करायचा ते माप उभ्या अक्षावर, हे आधीच ठरवून टाकावं. पुढे चूक कोणत्या दिशेने मोजायची हे त्यावरच ठरतं. दोन्ही अक्ष 140 पासून सुरू केले, आलेखावरचा 1 सेंटीमीटर म्हणजे मापातले 2.

मग प्रत्येक गटाला पारदर्शक पट्टी दिली आणि म्हटलं, डोळ्यांना बरी वाटेल ती रेषा काढा. बहुतेकांनी सांगितलेला नियम एकच होता: निम्मे ठिपके वर, निम्मे खाली. ही समजूत मोठ्यांतही आढळते, म्हणून बराच वेळ मी तिच्यावरच घालवला.

प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं उभं अंतर मोजायचं. ठिपका वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. हीच त्या ठिपक्यापुरती रेषेची चूक. एका गटाने 'उंची म्हणजे वाव वजा 1' अशी रेषा काढली होती. तिच्या दहा चुका येतात: 1, 2, 0, 2, −1, 2, −1, −1, −1, −3. बेरीज शून्य. गट खूश. मग मी आलेखावर 153 च्या उंचीला सरळ आडवी रेषा मारली. 153 ही सगळ्यांच्या उंचीची सरासरी. ठिपके तिरपे वर चाललेले आणि ही रेषा त्यांना मधोमध कापत जाते, तरी तिच्याही चुकांची बेरीज शून्यच. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दोन्हीचं उत्तर तर शून्यच येऊन राहिलं!" अगदी हेच त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

कारण फळ्यावर दाखवलं. वावेची सरासरी 154, उंचीची 153. या दोन सरासऱ्यांच्या ठिपक्यातून जाणारी उभी सोडून कुठलीही रेषा घ्या, अधिक-उणे चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तेव्हा बेरीज शून्य येण्याने रेषा योग्य जागेतून जाते एवढंच कळतं, किती तिरपी हवी ते नाही.

इथे थर्मोकोलचा बोर्ड कामी आला. त्यावर आलेख चिकटवून (154, 153) या जागी टाचणी टोचली आणि खराट्याची एक सरळ काडी तिला टेकवून फिरवायला दिली. आता एकच गोष्ट बदलत होती, तिरपेपणा. त्याला पुस्तकात 'चढ' म्हणतात. तो दहावीत येतो, म्हणून व्याख्या न देता एवढंच सांगितलं की उजवीकडे 10 गेल्यावर काडी किती वर जाते ते बघा. 8 वर गेली तर चढ 0.8.

अधिक-उणे खोडून काढायला प्रत्येक चुकीचा वर्ग करायचा आणि मग बेरीज. 'वर्गच का, नुसतं उणे चिन्ह पुसलं तर?' हा प्रश्न येतोच. चिन्ह पुसूनही रेषा बसवता येते, ती पद्धतही आहे, हे कबूल करावं. वर्ग केला की 4 सेंटीमीटरची एक चूक 16 मोजली जाते आणि 2 च्या दोन चुका मिळून फक्त 8. एका ठिपक्याला फार दुखवण्यापेक्षा दोघांना थोडं दुखवणं ही रेषा पसंत करते. शिवाय सर्वांत कमी बेरीज देणारी रेषा सूत्राने थेट मिळते. 1805 मध्ये लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात ही पद्धत छापली, ती याच सोयीपायी टिकली.

गटांना चढ वाटून दिले. आलेली बेरीज अशी: चढ 0 असताना 454, 0.7 ला 23.8, 0.8 ला 12.1, 0.9 ला 12.8 आणि 1 ला 26. आकडे फळ्यावर ओळीने लिहिले की उतरत जाऊन पुन्हा चढणारी वाटी दिसते आणि तळ 0.8 व 0.9 च्या मध्ये असल्याचं मुलं स्वतःच सांगतात. सूत्राने तो 0.844 ला येतो, बेरीज 10.9. मगाशी खूश झालेल्या गटाची रेषा 26 वाली होती. रेषेचं समीकरण y = 0.844x + 23.

शाळेच्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये पडताळलं. वाव A रकान्यात, उंची B मध्ये:

```
=SLOPE(B2:B11,A2:A11)
=INTERCEPT(B2:B11,A2:A11)
```

कंसात आधी उंची, मग वाव. क्रम उलटा झाला तर संगणक तक्रार करत नाही, गुपचूप 1.156 देतो. तो चढ उंचीवरून वावेचा अंदाज करणाऱ्या रेषेचा. ती आडव्या चुका मोजून बसवलेली वेगळी रेषा आहे. 0.844 उलटा केला तर 1.185 येतो, 1.156 नाही, यावरूनच कळतं.

23 या आकड्यापाशी, म्हणजे वाव शून्य धरल्यावर रेषा देते त्या उंचीपाशी, दोन घोटाळे झाले. काहींनी आलेखाच्या डाव्या कडेला रेषा कुठे मिळते ते पाहून 141 लिहिलं. डावी कड म्हणजे वाव 140, शून्य नव्हे. अक्ष तोडून काढला की ही चूक हमखास होते. दुसरा प्रश्न जास्त चांगला होता: वाव शून्य असलेल्या माणसाची उंची 23 सेंटीमीटर? मी नवजात बाळाचं उदाहरण दिलं. बाळ साधारण 50 सेंटीमीटरचं असतं आणि वावही जवळपास तेवढीच. रेषेत 50 घातले तर उत्तर 65 येतं. आपली रेषा 142 ते 168 एवढ्याच पट्ट्यात तपासलेली आहे, आणि तिथे तिची सर्वांत मोठी चूक 2 सेंटीमीटरची. पट्ट्याबाहेर तिला काही माहीत नाही.

शेवटची दहा मिनिटं दहाव्या चिठ्ठीसाठी राखली होती. तिच्यावर मुळात 158 लिहून आलं होतं. टेप 150 ला संपला, पुढे 18 उरले, आणि बेरीज करताना दहा गळाले. मी त्या 158 नेच रेषा पुन्हा काढून दाखवली. एका ठिपक्याने चढ 0.84 वरून 0.96 वर नेला आणि 23 चे 6 झाले. गंमत अशी की ही चुकीची रेषा जास्त खरी वाटते. 'हात पसरले की उंचीइतकेच' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि 0.96 त्याच्या जवळ जातो. वर्गाने हात वर करून हीच रेषा बरोबर ठरवली.

मग चुका वाचायला लावल्या. नऊ ठिपके रेषेपासून फार तर 2 सेंटीमीटरवर, दहावा 6.2 वर. नऊ एकीकडे आणि एक इतका लांब, म्हणजे आधी टेपकडे जायचं. पण लांब आहे म्हणून ठिपका खोडायचा नाही. काही मुलांचे हात खरोखरच आखूड असतात. भिंतीवरच्या आदल्या दिवशीच्या खडूच्या खुणा मी पुसू दिल्या नव्हत्या. दोघांनी लाकडी मीटरपट्टी लावून अंतर पुन्हा मोजलं, 168 भरलं.