चित्रातली सहा मिनिटं

जळगावच्या एमआयडीसीत आमचा गोळ्यांचा कारखाना आहे आणि मी तिथे व्हॅलिडेशन बघतो. औषधाच्या दर्जावर परिणाम करणारी कोणतीही संगणकप्रणाली वापरात घ्यायची तर तिची चाचणी करावी लागते आणि ती झाल्याचा पुरावा ठेवावा लागतो. स्क्रीनशॉट, लॉग आणि सह्या केलेले कागद यांच्या फायली आमच्याकडे भिंतभर आहेत. त्यातल्या एका पानावर पुनरावलोकन करणारा म्हणून माझी सही होती. त्याच पानावर एका ऑडिटर बाईंनी बोट ठेवलं, तो दिवस सांगतो.

प्रणाली होती गोदामाच्या तापमानावर नजर ठेवणारी. इकडचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिचं काम समजावून सांगायला नको. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि आत काही माल २५ अंशांच्या खालीच ठेवायचा असतो. एसी बंद पडला तर ते कोणाला तरी कळलं पाहिजे. आमची लेखी गरज अशी होती: सेन्सर २५.० च्या वर सलग १० मिनिटं राहिला की पडद्यावर अलार्म यावा आणि त्याची नोंद सर्व्हरवर व्हावी. दार उघडलं की तापमान क्षणभर वर जातंच, म्हणून ती १० मिनिटं.

चाचणी १४ मे रोजी झाली होती. एरंडोलकडचा एक नवा मुलगा आमच्याकडे टेस्टिंगला आहे, त्याने ती केली. सात नंबरचा सेन्सर काढून ड्राय ब्लॉकमध्ये, म्हणजे कॅलिब्रेशनच्या तापवण्याच्या ठोकळ्यात घातला, ठोकळा २७ अंशांवर नेला, वाट पाहिली, अलार्म आला, पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला, सर्व्हरचा लॉग काढून छापला, कागदावर भिंतीच्या घड्याळातली १४:१४ ही वेळ लिहून सही केली. मी दोन दिवसांनी ते पान पाहिलं. अपेक्षित निकाल आला होता, लाल पट्टी दिसत होती, मी सही केली.

ऑगस्टमध्ये ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं. ऑडिटर मॅडमची पद्धत सरळ होती. गरजांच्या यादीतून त्यांनी अलार्मची एक ओळ निवडली, ट्रेस मॅट्रिक्समध्ये तिच्यासमोरचा चाचणी क्रमांक पाहिला आणि तेवढीच फाईल मागितली. कुठलंही प्रेझेंटेशन ऐकायला त्या थांबल्या नाहीत. छापील लॉग त्यांनी आधी वाचला.

```
2024-05-14T08:32:10Z CH-07 25.1 ABOVE_LIMIT
2024-05-14T08:42:10Z CH-07 26.8 ALARM_ON
```

"ही वेळ यूटीसी ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. शेवटचा `Z` तेच सांगतो. साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. अलार्म १४:१२ ला वाजला आणि ओलांडल्यापासून बरोबर १० मिनिटांनी वाजला. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी स्क्रीनशॉट ओढला आणि फूटपट्टी ठेवून खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

लाल पट्टीत लिहिलं होतं अलार्मची वेळ १४:१२:१०. त्याच चित्रात, टास्कबारवरच्या घड्याळात वाजले होते १४:०६.

"अलार्म वाजायच्या सहा मिनिटं आधी तुम्ही त्याचं चित्र काढलंत?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता. माझी मात्र कानशिलं तापली. ते पान मी पाहिलं होतं. म्हणजे लाल पट्टी पाहिली होती. चित्र पाहिलं नव्हतं. रिव्ह्यू करणाऱ्याची नजर अपेक्षित निकालाच्या शब्दावर जाते, तो सापडला की हात सहीकडे वळतो. स्क्रीनशॉटमध्ये निकालाखेरीज चार गोष्टी वाचायच्या असतात: कोण लॉगिन आहे, कोणती आवृत्ती चालू आहे, कोणत्या सर्व्हरवर, आणि किती वाजलेत. त्यातली चौथी मी वाचली नव्हती.

मॅडमनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला. खोलीबाहेर आल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, सेन्सर परत तापवून नवा स्क्रीनशॉट काढू का? अर्ध्या तासात होईल." त्याच्या मनात खोट नव्हती; त्याला मला वाचवायचं होतं. मी त्याला तिथेच थांबवलं. आज काढलेलं चित्र १४ मेच्या कागदाला जोडलं तर जी चूक आहे तिचा गुन्हा होतो. फेरचाचणी करता येते, पण वेगळ्या क्रमांकाने, आजच्या तारखेने, आणि जुनं पान जसंच्या तसं शेजारी ठेवून. मूळ पुरावा वाईट दिसतो म्हणून तो बदलायचा नसतो. तो तसा का दिसतो, हे दाखवायचं असतं.

कारण काय असणार याचा अंदाज होता. चाचणी ज्या पीसीवरून झाली तो क्यूएच्या, म्हणजे दर्जा विभागाच्या खोलीतला, प्लँटच्या बंद नेटवर्कवरचा. त्याला इंटरनेट नाही आणि तो डोमेनमध्येही घेतलेला नव्हता. सर्व्हर आमच्या टाइम सर्व्हरला जोडलेला होता, हा पीसी कोणालाच नाही. बसून पहिली कमांड दिली:

```
w32tm /query /source
```

उत्तर आलं `Local CMOS Clock`. म्हणजे हा पीसी मदरबोर्डवरच्या स्वतःच्या घड्याळावर चालत होता. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आज घड्याळ मागे आहे हे दाखवलं तरी मेमध्ये ते तेवढंच मागे होतं कशावरून? ऑडिटरने हे विचारायच्या आधी आपण विचारलेलं बरं.

मग सुचलं की त्या दिवशीच्या जोड्या शोधायच्या. पीसीवरचा क्लायंट सर्व्हरला जोडला गेला की दोन ठिकाणी नोंद होते: क्लायंटच्या लॉगमध्ये पीसीच्या घड्याळाने, आणि सर्व्हरच्या ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, सर्व्हरच्या घड्याळाने. घटना एक, घड्याळं दोन. सुदैवाने आम्ही दर महिन्याला दोन्हींचा बॅकअप घेतो. मेचा बॅकअप केवळ वाचनासाठी उघडला. १४ मेला तो मुलगा चारदा जोडला गेला होता. चारही जोड्यांमधला फरक काढला: ६ मिनिटं १९ सेकंद, आणि मग तीनदा ६ मिनिटं २० सेकंद. सकाळी नऊला तेवढाच, संध्याकाळी पाचलाही तेवढाच. म्हणजे दुपारी कोणी घड्याळाला हात लावला नव्हता. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्येही कोणा माणसाच्या खात्यावरून वेळ बदलल्याची नोंद नव्हती. ती असती तर `4616` क्रमांकाने दिसली असती.

मग १३ मेच्या जोड्या पाहिल्या. फरक फक्त ३८ सेकंद. एका रात्रीत पावणेसहा मिनिटं कुठे गेली?

हे उत्तर मेंटेनन्सच्या वहीत मिळालं. १३ मेला संध्याकाळी लाइट गेली ती थेट पहाटे आली. गोदामाचे एसी आणि सर्व्हर जनरेटरवर होते, क्यूएची खोली नव्हती. यूपीएसने थोडा वेळ तग धरला आणि पीसी बंद पडला. विंडोज चालू असताना वेळ स्वतः मोजतं. मदरबोर्डच्या घड्याळाकडे ते प्रामुख्याने सुरू होताना पाहतं. पीसी बंद असताना मात्र सगळी भिस्त त्या घड्याळाच्या बटण सेलवर. सेल उतरलेला असेल तर घड्याळ मंद चालतं, आणि सकाळी विंडोज ती चुकीची वेळ उचलून दिवसभर इमानाने पुढे नेतं. म्हणूनच दिवसभराचा फरक एकसारखा होता.

आमच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी पीसी उघडला, सेल काढला, मल्टिमीटर लावला. ३ व्होल्टचा सेल २.३ दाखवत होता. "सेल गयेल शे," ते अहिराणीत म्हणाले आणि सेल माझ्या तळहातावर ठेवला. मी तो छोट्या पाकिटात घातला, वर तारीख आणि मोजलेला आकडा लिहिला, आम्ही दोघांनी सही केली. मल्टिमीटरचा कॅलिब्रेशन क्रमांकही लिहिला, कारण पुढचा प्रश्न तोच आला असता.

जेवणानंतर मॅडमसमोर एवढंच मांडलं: जोड्यांचा तक्ता, मेंटेनन्सच्या वहीचं पान, पाकीट, आणि डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचा, भरलेला फॉर्म. त्या तक्त्यावर बराच वेळ थांबल्या. त्यांनी दोन जोड्या स्वतः निवडून मूळ लॉगमधून पडताळल्या. मग विचारलं, "लॉगची ही फाईल मेमधलीच आहे, हे कशावरून?" त्या मुलाने १४ मेला फाईल काढल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून पहिली आठ अक्षरं चाचणीच्या कागदावर हाताने लिहून ठेवली होती. त्यांच्यासमोर `Get-FileHash` चालवलं, अक्षरं जुळली. हॅशमुळे फाईल काढल्यानंतर बदललेली नाही एवढंच कळतं. काढण्याआधी सर्व्हरवर काय झालं ते त्यातून कळत नाही. ते त्यांनीही म्हटलं आणि त्यासाठी सर्व्हरच्या अ‍ॅडमिन खात्यांचा ऑडिट ट्रेल मागितला. तोही दिला.

त्यांनी अलार्मची चाचणी ग्राह्य धरली, कारण १० मिनिटांचा हिशेब सर्व्हरच्या एकाच घड्याळावर झाला होता. पण मुद्दा सोडला नाही. अमेरिकेचा २१ सीएफआर पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम ऑडिट ट्रेलवर वेळेचा शिक्का मागतो, आणि ज्या घड्याळाकडे कोणी बघत नाही त्याच्या शिक्क्याला किंमत किती, हा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. दुसरा सवाल त्याहून जड होता: "या पीसीवरून १४ मेनंतर अजून किती चाचण्या झाल्या?"

त्या रात्री मी आणि तो मुलगा साडेदहापर्यंत फायली उघडत बसलो. या वेळी प्रत्येक चित्राचा उजवा कोपरा आधी पाहिला, मग निकाल. तशा २३ चाचण्या निघाल्या. १९ मध्ये वेळेवर काहीच अवलंबून नव्हतं. पासवर्ड चुकला की खातं बंद होतं का, अशासारख्या. त्यांच्या पानांना खुलाशाची एकच चिठ्ठी जोडली. चार मात्र अशा होत्या की ज्यात पीसीवर छापलेली वेळ हाच निकाल होता. रिपोर्टवर छपाईची वेळ बरोबर येते का, ही त्यातलीच एक. त्यांना कोणताही खुलासा पुरणार नव्हता. चारही नापास म्हणून नोंदवल्या, मूळ पानं तशीच ठेवली, त्यावरच्या माझ्या सह्याही तशाच.

पुढच्या आठवड्यात पीसी टाइम सर्व्हरला जोडला, नवा सेल बसवला आणि फेरचाचणी लावली. चाचणी पद्धतीत आम्ही एक पायरी वाढवली होती: सुरुवातीला सर्व्हरची वेळ, पीसीची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांची नोंद, आणि १० सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर चाचणी सुरूच करायची नाही. त्या मुलाने तिन्ही वेळा लिहिल्या. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे निघालं. त्याने पेन खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि आधी ते घड्याळ उतरवलं.