ऐंशीपासून सुरू झालेले स्तंभ

दोन विभागांच्या कामाची तुलना करणारा एक स्तंभालेख माझ्याकडे तपासणीसाठी आला. दर शंभर अर्जांपैकी किती अर्ज मुदतीत निकाली निघाले, हे त्यात दाखवले होते. पहिल्या विभागाचा स्तंभ 2 सेंटीमीटर उंच होता आणि दुसऱ्याचा 6 सेंटीमीटर, त्यामुळे दुसरा विभाग तिप्पट चांगले काम करतो, असेच पाहणाऱ्याला वाटले असते. स्तंभालेख हाती आला की मी स्तंभांकडे वळण्याआधी उभ्या अक्षाच्या तळाचा आकडा वाचतो. येथे तो 80 होता.

अक्षावरील दोन खुणांमधले अंतर मी पट्टीने मोजले. एका अर्जाला एक सेंटीमीटर, असे प्रमाण निघाले. म्हणजे खरे आकडे 82 आणि 86 होते, आणि शून्याची रेषा आखायची झाली असती तर ती स्तंभांच्या तळापासून 80 सेंटीमीटर खाली, कागदाच्या कितीतरी बाहेर गेली असती. दोन्ही स्तंभांचा तेवढा भाग कापला गेला होता. सारखीच लांबी कापल्यामुळे त्यांच्यातला 4 चा फरक शाबूत राहतो, पण गुणोत्तर पार बदलते, आणि स्तंभ पाहताना डोळा सहजपणे गुणोत्तरच टिपतो. तळ 70 वर नेला तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या सव्वापटीहून थोडा उंच दिसतो, 81 वर नेला तर पाचपट. आकडे मात्र तेच. प्रत्यक्षात 86 हा आकडा 82 पेक्षा जेमतेम 5 टक्क्यांनी मोठा आहे. (रेषालेखात आपण रेषेचा चढउतार पाहतो, लांबी नव्हे, म्हणून तेथे अक्ष शून्यापासून नसला तरी बहुधा चालते.)

मी आलेख शून्यापासून पुन्हा काढला, तेव्हा दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसू लागले. आलेख तयार करणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते की, आता खरा फरकही दिसेनासा झाला. ही हरकत मला रास्त वाटली. तक्रारी येतात त्या रखडलेल्या अर्जांच्या, तेव्हा तेच मोजावे, असे मी सुचवले. मुदतीत न निघालेले अर्ज 18 आणि 14 होते. हे स्तंभ शून्यापासून काढले तरी दुसरा सुमारे 22 टक्क्यांनी बुटका दिसतो, आणि हा फरक अक्षाला हात न लावता दिसतो. शीर्षकात मात्र ‘मुदतीनंतरचे अर्ज’ असे ठळकपणे लिहावे लागले, कारण आता बुटका स्तंभ चांगल्या कामाचा होता.

प्रत्येक स्तंभाखाली एकूण अर्जांची संख्याही मी लिहायला लावली. प्रत्येक विभागाकडे 50 च अर्ज आले असते, तर 82 आणि 86 यांमधला फरक अवघ्या 2 अर्जांचा ठरला असता.