कंदिलांची लुकलुक थांबली (तळ्याची लेव्हल, पुढचा भाग)

माझ्या युनिटी गेममधला, तीन आठवडे छळणारा बग काल रात्री सापडला. मागच्या पोस्टमधला व्हिडिओ आठवत असेल: तळ्यावर तरंगणारे काचेचे कंदील मध्येच फिके पडतात, परत उजळतात, आणि तेही ठरावीक जागी आल्यावरच.

आधी झेड-फायटिंग वाटलं. कॅमेऱ्याचा निअर प्लेन ०.०१ वरून ०.३ केला, काडीचा फरक नाही. झेड-फायटिंगमध्ये पृष्ठभागावर फाटलेल्या पट्ट्या दिसतात, इथे अख्खा कंदील एका फ्रेममध्ये बदलत होता. तिथेच सॉर्टिंगचा संशय यायला हवा होता.

शेवटी युनिटीचा फ्रेम डिबगर उघडला. फुकटात मिळणाऱ्या टूल्समध्ये याला तोड नाही. लागोपाठच्या दोन फ्रेम थांबवून पाहिल्या: एकीत आधी पाणी आणि मग कंदील, दुसरीत बरोबर उलट. पारदर्शक वस्तू लांबून जवळ या क्रमाने रंगवल्या जातात, पण अंतर मोजलं जातं ते वस्तूच्या बाउंड्सच्या मध्यापर्यंत. माझं पाणी म्हणजे एकच मोठा प्लेन, त्याचा मध्य तळ्याच्या मधोमध, घाटावरच्या कॅमेऱ्यापासून १४.२ मीटरवर. कंदील डुलताना १४.१७ ते १४.२२ मध्ये मागेपुढे होतो, म्हणून क्रम सारखा पालटतो. कंदील डेप्थ लिहीत नाही, त्यामुळे नंतर आलेलं पाणी सरळ त्याच्यावर चढतं. पाण्याचा अल्फा ०.७, म्हणजे कंदिलाचा रंग ३० टक्केच उरतो. मध्याच्या पलीकडचे कंदील तर कायम मळकट होते. ते मी इतके दिवस धुकं समजत होतो!

उपाय एका ओळीचा:

```
waterMat.renderQueue = 2990;
```

क्यूचा आकडा लहान, ती वस्तू आधी रंगवली जाते. कंदील ३००० वरच आहेत, त्यामुळे आता पाणी नेहमी आधी. २५०० किंवा त्याखाली मात्र नेऊ नका, तिथे अपारदर्शक वस्तूंचं सॉर्टिंग लागतं. कॅमेरा पाण्याखाली गेला तर हा क्रम चुकेल, पण या लेव्हलमध्ये तो कधीच जात नाही.

लुकलुक थांबली, तरी निळा कंदील मळकटच. तासभर शोधल्यावर त्याच्या रेंडररवर जुन्या प्रयोगातलं `sortingOrder = -1` सापडलं. हा आकडा क्यूच्या आधी बघितला जातो, म्हणून तो कंदील पाण्याआधीच रंगवला जात होता. शून्य केलं, आणि निळी काच पहिल्यांदा पाण्यावर स्वच्छ दिसली. किती वेळ नुसता बघत बसलो.

आता काचेच्या आतली ज्योत. दोघांचे मध्य जवळपास एकाच जागी, म्हणजे तोच घोळ. ज्योतीला अल्फा क्लिप लावणार होतो, पण मोबाइल जीपीयूवर ते महाग पडतं आणि ज्योतीच्या मऊ कडाही जातात. हे लिहिता लिहिता सुचलं: ज्योत ३००० वर ठेवून काच ३००१ वर न्यावी. एक अडचण राहते. दोन कंदील एकामागे एक आले की मागची काच पुढच्या ज्योतीवर चढेल. त्यापेक्षा प्रत्येक कंदिलाला सॉर्टिंग ग्रुप लावून आतला क्रम आतच ठरवलेला बरा. आज रात्री तेच करून बघतो.