कूलर विकायची स्क्रिप्ट: दोन थर्मामीटर आणि थोडा धीर

उन्हाळ्याच्या तोंडावर दुकानातल्या मुलांसाठी कूलर विक्रीची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या कागदावर टाकी किती लिटरची, पंखा किती वेगाचा, अशी नुसती जंत्री होती. घामाघूम माणसाला त्यात काय रस असणार? मी ठरवलं की स्क्रिप्टमध्ये एकच प्रात्यक्षिक ठेवायचं आणि बाकीचं बोलणं त्याच्याभोवती बसवायचं.

साधे डिजिटल थर्मामीटर घेतले, दोन. सुरुवातीला दोन्ही शेजारी धरून आकडा सारखाच आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं, नाहीतर शंका राहते. मग एक कूलरच्या मागे, पॅडपाशी, आणि दुसरा समोर झोतात. पंप बंद ठेवून फक्त पंखा लावायचा. "काका, हात धरा समोर. गरमच लागतंय ना?" आकडे दोन्हीकडे तेच: ४०. आता पंप सुरू.

पॅड पूर्ण भिजायला काही मिनिटं लागतात. ही मिनिटं विक्रेत्याला खायला उठतात आणि तो बडबडत सुटतो. म्हणून तिथे मी प्रश्न लिहिले: खोली केवढी? खिडकी कुठल्या बाजूला? पाणी कोण भरणार? उत्तरं येईपर्यंत समोरचा आकडा घसरत २८ च्या आसपास येतो, मागचा मात्र ४० वरच. "पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते" एवढं एकच वाक्य तेव्हा बोलायचं. आकडा आधी, कारण नंतर.

थर्मामीटरवर तुषार उडता कामा नयेत. ओला झाला की तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, आणि चाणाक्ष गिऱ्हाईक ते लगेच पकडतं. प्रात्यक्षिक दाराशी, उघड्या हवेतच करायचं. बंद दुकानात कूलर तासभर चालला की हवा दमट होते आणि फरक आकसत जातो. एसी लावलेल्या दुकानात तर हा खेळ मांडूच नये.

मालकांशी वाद झाला तो दमट दिवसांवरून. हवा कोरडी, म्हणजे आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तरच बारा अंशांचा फरक मिळतो. ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर जेमतेम चार अंश. त्यांचं म्हणणं, हे सांगायचंच कशाला? मी ते स्क्रिप्टमध्ये ठेवलंच, कारण पावसाळ्यात चिकचिक झाली की तोच माणूस तक्रार घेऊन दारात येतो. बर्फ टाकून प्रात्यक्षिक करायची सूचनाही मी काढून टाकली. बर्फाने थोडा वेळ गारवा वाढतो, पण घरी रोज बर्फ कोण टाकणार?

शेवटचा प्रश्न खिडकीचाच ठेवला. कूलरला मागून बाहेरची हवा आणि समोरून निघून जायला वाट लागते. "ताई, खोलीला खिडकी नसेल तर हा नका घेऊ, साधा पंखाच बरा," हे वाक्य मुलांकडून न अडखळता म्हणून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला.