दवाखान्यात मेला, मग खून कोणाचा?

"वकीलसाहेब, माह्या पोरानं चाकू मारला हे खरं, पण तो माणूस बारा दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरच्या चुकीनं मेला, मग खुनाची केस पोरावर कशी?"

आमच्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात वर्षातून चारपाच वेळा तरी हे कोणीतरी विचारतं, कधी आरोपीचा बाप, कधी भाऊ. सगळ्यांचा हिशोब एकच असतो, मधे दवाखाना आला, डॉक्टर आला, म्हणजे पोराचा संबंध तिथेच संपला. वकिलीच्या पुस्तकात याला लॅटिन नाव आहे, नोवस ॲक्टस इंटरव्हेनिएन्स, म्हणजे मधेच घडलेली नवी गोष्ट जी आधीच्या कृत्याची साखळी तोडते. पण आपल्याकडे डॉक्टरच्या बाबतीत कायद्याने आधीच लिहून ठेवलंय. जुन्या आयपीसीचं सदोष मनुष्यवधाचं कलम 299, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 100, त्याचं दुसरं स्पष्टीकरण. जखमेमुळे मृत्यू झाला असेल तर जखम करणारानेच तो घडवला असं धरायचं, योग्य औषधोपचार आणि कुशल डॉक्टर मिळाला असता तर माणूस वाचला असता तरीही. "वाचला असता" हा बचाव त्या एका वाक्याने संपतो.

हे ऐकून लोकांना वाटतं कायदा डॉक्टरला पाठीशी घालतोय. तसं नाहीये, आणि ते मला एका केसमध्ये नीट समजलं, म्हणून तीच सांगतो. पानठेल्यासमोर भांडण झालं, एकच वार, बेंबीच्या डाव्या बाजूला. त्याच रात्री ऑपरेशन झालं, छोट्या आतड्याला भोक होतं ते शिवलं. चौथ्या दिवशी ताप चढला, पोट फुगून टणक झालं. पाचव्या दिवशी परत पोट उघडलं तर आत पू भरलेला, आणि आतड्याच्या मागच्या बाजूला दुसरं एक भोक, जे पहिल्या ऑपरेशनमध्ये कोणाला दिसलंच नव्हतं. चाकू आतड्यातून आरपार गेला होता. बाराव्या दिवशी माणूस गेला. पीएम म्हणजे पोस्टमॉर्टमच्या रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण: पोटातल्या जखमेमुळे झालेला सेप्टिसीमिया, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग.

मी आरोपीकडून होतो आणि खरं सांगतो, केसपेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं आपल्याला मोठा मुद्दा सापडला. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्समध्ये आतडं पूर्ण तपासल्याची ओळच नव्हती. सर्जनला उलटतपासात विचारलं, दुसरं भोक तेव्हाच शिवलं असतं तर पेशंट जगण्याची शक्यता होती का, तो हो म्हणाला. पण मग सरकारी वकिलांनी एकच प्रश्न विचारला, ते दुसरं भोक कशाने पडलं? डॉक्टर म्हणाला चाकूने. सगळं उत्तर तिथेच आहे. डॉक्टरने ते भोक पाडलं नव्हतं, त्याच्या नजरेतून सुटलं, आणि माणूस मेला तो चाकूच्याच भोकामुळे. पोराच्या बापाला मी हे बाहेर व्हरांड्यात समजावून सांगितलं तेव्हा तो स्वतःच्या पोटावर डाव्या बाजूला हात ठेवून बराच वेळ गप्प बसला होता.

आता साखळी तुटते कधी? 1956 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टात जॉर्डनची केस आली, तिथे माणूस चाकूच्या वारानंतर आठ दिवसांनी मेला, पण तोवर जखम बरीचशी भरून आली होती. त्याला टेरामायसिन हे अँटिबायोटिक सोसत नाही हे आधीच दिसलं होतं तरी ते परत सुरू केलं, वरून सलाइनही बेसुमार दिलं, फुप्फुसात पाणी झालं. तिथे शिक्षा रद्द झाली. माझ्या केसशी ताडून बघा, तिथे जखम बरी होत आली होती आणि उपचाराने नवंच मरण आणलं, इथे जखम आतून चालूच होती आणि उपचार तिला थांबवू शकला नाही. म्हणून मी कोणाचाही केसपेपर हातात घेतला की डॉक्टर कुठे चुकला हे नंतर बघतो, मरायच्या दिवशी जखमेची काय हालत होती हे आधी बघतो.

जखमी माणूस स्वतः चुकला तर? डॉक्टर नको म्हणत असताना घरचे सही करून पेशंटला घेऊन जातात हे आपल्याकडे रोजचं आहे. योग्य उपचार घेतले नाहीत हेही त्याच दुसऱ्या स्पष्टीकरणात बसतं, त्यामुळे तेवढ्याने आरोपी सुटत नाही. पण जखमच नसेल, माणूस पळताना स्वतःच काही करून बसला असेल, तर मात्र पुरावा फार बारकाईने बघतात. पंजाबच्या जोगिंदर सिंगच्या केसमध्ये पाठलाग होत असलेल्या माणसाने विहिरीत उडी घेतली. सुप्रीम कोर्टाने पाहिलं की आरोपी तेव्हा पंधरावीस फूट मागे होते, त्यांनी त्याला विहिरीकडेच रेटलं किंवा दुसरी वाटच ठेवली नाही असा पुरावा नव्हता, त्यामुळे तो मृत्यू खून म्हणून त्यांच्यावर टिकला नाही.

मयताच्या घरच्यांसाठी पण एक गोष्ट, कारण तेही माझ्यासमोर बसून रडलेत. मोती सिंगची केस उत्तर प्रदेशातली, 1960 ची. माणसाच्या पोटात दोन गोळ्या, जखमा जिवावरच्या, पण तो दवाखान्यातून बाहेर आला आणि तीनेक आठवड्यांनी वारला, आणि पोस्टमॉर्टम न करताच अंत्यसंस्कार झाले. सुप्रीम कोर्ट म्हणालं जखमा धोकादायक होत्या एवढं पुरेसं नाही, मेला तो त्याच जखमांनी हे सिद्ध झालं पाहिजे. तेव्हा मारहाणीतला माणूस घरी आणल्यावर महिन्याभराने गेला तरी आधी पोलिसांना कळवा, पीएम करून घ्या. चिरफाड नको असं वाटणारच, पण नंतर त्या पुराव्याची जागा कशानेच भरून निघत नाही.

माझ्या केसचं काय झालं ते राहिलंच. साखळीवर आम्ही हरलो, आणि बरोबरच हरलो. पण मृत्यू कोणी घडवला हा एक प्रश्न आणि तो खून आहे का हा दुसरा प्रश्न, लोक दोन्ही एकत्र करतात. कलम 300 मध्ये, म्हणजे आताच्या 101 मध्ये, तीच जखम करायचा हेतू होता का आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का, हे बघतात, आणि मधले बारा दिवस, एकच वार, अचानक झालेलं भांडण, हे सगळं तिथे बोलतं. आम्ही सगळा जोर तिथे लावला. खुनाचं 302 गेलं, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाच्या 304 चा दुसरा भाग लागला, सात वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टरविरुद्ध काही करायचं असेल तर निष्काळजीपणाची ती केस वेगळी, ती मयताच्या बायकोने करायची की नाही हे तिने ठरवायचं, तिचा निकाल काहीही लागला तरी पोराच्या सात वर्षांतला एक दिवस कमी होणार नव्हता.